डावीकडे मिसरूड, उजवीकडे टक्कल

दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन ठरलं की भांडणं ठरलेल्या क्रमाने होतात. पहिलं तारखेवरून, दुसरं जेवणावरून आणि तिसरं वर्गणीवरून. अलीकडे त्यात चौथ्याची भर पडली आहे, ते म्हणजे पोस्टर. पूर्वी शाळेच्या फाटकावर ‘सुस्वागतम्’चं कापड लावलं की काम भागायचं. आता प्रत्येक बॅचला डाव्या बाजूला शाळेतला चेहरा आणि उजव्या बाजूला आजचा, असं जोडीजोडीने छापलेलं, जुन्या पुस्तकातल्या चित्रासारखं दिसणारं फ्लेक्स हवं असतं. आणि ते पाच मिनिटांत होतं अशी सगळ्यांची खात्री असते, कारण प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये चित्र काढून देणारं एआय आलेलं आहे.

आमची बॅच १९९४ची. वर्गात ५२ जण, संमेलनाला होकार कळवलेले २४. पोस्टरचं काम अर्थातच वर्गाच्या मॉनिटरकडे गेलं. तो आता बँकेत आहे, पण फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहिण्याची सवय गेलेली नाही. त्याने ग्रुपवर फर्मान काढलं, ‘वर्गाचा फोटो आणि आपापला आत्ताचा फोटो आज रात्रीपर्यंत पाठवा.’ मग त्याने एआयला सूचना लिहिली. तिला आता सगळे प्रॉम्प्ट म्हणतात. त्यात होतं, ‘शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सुंदर पोस्टर बनव. सगळ्यांचे तेव्हाचे आणि आताचे फोटो शेजारी शेजारी. जुन्या आठवणी जाग्या झाल्या पाहिजेत.’

आठवणी जाग्या झाल्या, पण कोणाच्या ते कळेना. चित्रात पिवळीधमक स्कूलबस होती, लोखंडी लॉकरची रांग होती, मेपलची लाल पानं गळत होती आणि सगळ्यांच्या डोक्यावर गोंडा लोंबणाऱ्या चौकोनी टोप्या होत्या. आमच्या शाळेत लॉकर एकच होतं, हेडसरांच्या खोलीतलं, आणि त्यात छड्या असायच्या.

यात यंत्राचा तसा दोष नाही. चित्रं आणि त्यांच्याखालच्या ओळी यांच्या प्रचंड साठ्यावरून ते शिकलेलं असतं, आणि ‘शाळा’, ‘स्नेहसंमेलन’, ‘जुन्या आठवणी’ हे शब्द एकत्र आले की त्या साठ्यात सगळ्यात जास्त सापडते ती अमेरिकेतली शाळा. प्रॉम्प्ट मराठीत लिहिला म्हणून आठवणी मराठी होत नाहीत. मॉनिटरने मग ‘भारतीय शाळा’ असं घातलं. वडाचं झाड आलं, त्याखाली मांडी घालून बसलेले बटू आले आणि पांढऱ्या दाढीचे गुरुजी आले. मग ‘महाराष्ट्रातली’ असं घातलं. आता मुलांना फेटे आणि मुलींना नऊवारी. दहावी ब गणिताच्या तासाला बसलंय की लेझीम पथकात निघालंय, ते सांगणं अवघड होतं.

इथे शेवटच्या बाकावरचा आमचा एक मित्र कामाला आला. तो आता सरकारी मुद्रणालयांना शाई पुरवतो आणि छपाईतलं त्याला कळतं. त्याचं म्हणणं साधं होतं. यंत्राला भावना सांगू नका, वस्तू सांगा. ‘जुन्या आठवणी’ हे शब्दच काढून टाका. त्याऐवजी कौलारू बैठी इमारत, लांब व्हरांडा, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, खाकी अर्धी चड्डी, इस्त्री नसलेला पांढरा शर्ट, निळा स्कर्ट, लाल रिबिनींनी वर बांधलेल्या दोन वेण्या, तेलाने चोपडलेला भांग, खडूने पांढरं झालेलं डस्टर असं एकेक सांगा. एवढं लिहिल्यावर मेपलची पानं आपोआप गेली.

चित्राच्या शैलीचंही त्याने तसंच केलं. ‘जुन्या पुस्तकासारखं चित्र’ म्हटलं की यंत्र परीकथेच्या पुस्तकाकडे धावतं. सगळं सोनेरी उन्हात न्हालेलं आणि कडेला धुकं. आमच्या डोळ्यांसमोर जे जुनं पुस्तक होतं ते बालभारतीचं. १९६७ साली स्थापन झालेल्या या मंडळाच्या पुस्तकांवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांची नजर तयार झाली, आणि त्या चित्रांना त्यांची अशी एक छपाई होती. काळ्या शाईची स्वच्छ रेघ, वर मोजून दोन-तीन सपाट रंग, पिवळसर खरखरीत कागद, आणि जवळून पाहिलं तर रंगांचे बारीक ठिपके. त्यातही रंगाचा ठसा रेघेपासून किंचित सरकलेला. ऑफसेटच्या छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते. ती केसभर हलली की मुलीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरतो आणि गाईचा तपकिरी रंग गाईच्या थोडा पुढे चालतो. आमच्या मित्राने प्रॉम्प्टमध्ये हे सगळं घातलं आणि रंग सरकायला खास सांगितले. चित्र आलं तेव्हा ग्रुपवर पहिल्यांदाच कोणी ‘अरे, हेच!’ असं लिहिलं. ठसा नीट बसवणाऱ्यांमध्ये ज्याची हयात गेली, त्याने तो बिघडवून टाळ्या मिळवल्या.

चौकट जमली. आता प्रश्न चेहऱ्यांचा होता.

वर्गाचा फोटो एकच, निरोप समारंभाच्या दिवशी काढलेला. मागे बाकांवर उभे, मध्ये जमिनीवर उभे, पुढे खुर्च्यांवर शिक्षक आणि मुली, सगळ्यांत पुढे मांडी घातलेले बुटके. १२ इंच रुंद प्रिंट, करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली, खाली ‘डावीकडून पहिली ओळ’ अशी सुवाच्य अक्षरात नावं. कमीत कमी तिघांच्या घरी ती काचेखाली भिंतीवर होती. तिघांनीही भिंतीसमोर उभं राहून मोबाईलने फोटो काढून पाठवला. पहिल्यात ट्यूबलाइट मुख्याध्यापकांच्या डोक्यावर आडवी पडली होती. दुसऱ्यात काचेत खुद्द फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब होतं, त्यामुळे तो चिरंजीव मधल्या ओळीत तेव्हाचा आणि शिक्षकांच्या मांडीवर आताचा, असा एकाच फोटोत दोनदा आला होता. तिसरा स्वच्छ होता, पण तो आधी दुसऱ्या ग्रुपवर टाकून तिथून स्क्रीनशॉट काढून आलेला.

हिशेब असा आहे. १२ इंचांत एका ओळीत तेरा-चौदा मुलं म्हणजे एकेक चेहरा करंगळीच्या नखाएवढा, साधारण ८ मिलिमीटर रुंद. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्याची लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलवर येते. १२ इंचांना १६०० म्हणजे इंचाला १३३, आणि ८ मिलिमीटरच्या चेहऱ्याला जेमतेम ४२ पिक्सेल. चित्रकलेच्या तासाला शिकवतात की चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांएवढी असते. म्हणजे एका डोळ्याच्या वाट्याला आठ पिक्सेल. त्या आठांत बुबुळ बसवायचं, पापणी बसवायची आणि गृहपाठ न केल्याची धास्तीही बसवायची.

अशा चेहऱ्याला ‘मोठा आणि स्वच्छ कर’ म्हटलं की यंत्र ते करतं, हीच अडचण आहे. जे दिसत नाही ते सोडून देण्याऐवजी ते भरून काढतं, आणि भरताना आजवर पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांची सरासरी वापरतं. सरासरी चेहरा नेहमी देखणा असतो. त्याचं नाक सरळ असतं, दात एका रांगेत असतात, कान डोक्याला चिकटलेले असतात. मॉनिटरने अशा बारा चेहऱ्यांचा पहिला हप्ता टाकला तेव्हा सगळे मावसभाऊ वाटत होते. वर्गात जिला सगळे कपाळावरच्या जन्मखुणेवरून ओळखायचे तिची खूण डाग समजून पुसली गेली होती. पुढचा दात अर्धा तुटलेल्या मुलाला पूर्ण दात मिळाला होता. तो दात ज्याने कबड्डीत पाडला तो ग्रुपवरच होता. ‘एकतीस वर्षांनी सुटलो’ एवढंच त्याने लिहिलं.

कागदानेही घोळ घातला. त्या काळी रंगीत फोटो बऱ्याचदा दाणेदार कागदावर छापायचे. बोटांचे ठसे उमटू नयेत आणि भपका दिसावा म्हणून. स्कॅन केल्यावर त्या दाण्यांची जाळी सगळ्या चेहऱ्यांवर येते, आणि यंत्र तिला कधी कातडी समजतं, कधी कापड. आमच्या विज्ञानाच्या बाईंना एका फेरीत देवीचे व्रण आले, दुसरीत दाढीचे खुंट. बाई संमेलनाला येणार होत्या. तो प्रयोग तिथेच थांबवण्यात आला.

उपाय कंटाळवाणा आहे आणि एकच आहे, मूळ प्रिंटपाशी जाणं. तिघांपैकी एकीने फ्रेम उघडली. (प्रिंट काचेला चिकटली असेल तर ओढायची नाही, चेहरा काचेवर राहतो. मग काचेसकट स्कॅन करायचं.) झेरॉक्सच्या दुकानात फ्लॅटबेड स्कॅनरवर १२०० डीपीआयला एकेका ओळीचे तुकडे स्कॅन केले. तोच ८ मिलिमीटरचा चेहरा आता सुमारे ३७८ पिक्सेलचा झाला, डोळ्याला पंचाहत्तर. दाणेदार कागद असेल तर प्रिंट उलटी फिरवून दुसऱ्यांदा स्कॅन करायची आणि दोन्ही स्कॅन जुळवून एकावर एक ठेवायचे, म्हणजे दाण्यांच्या सावल्या बऱ्याच कमी होतात. फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायची, फोटो म्हणून नाही. हे वाक्य मॉनिटरने ग्रुपवर ठळक अक्षरात पिन केलं. त्यानंतर आलेले पाचही फोटो फोटो म्हणूनच आले.

आता उजवी बाजू. जुन्या फोटोत निदान सगळ्यांवर एकच ऊन होतं. आताच्या फोटोंत एक काश्मीरमध्ये गॉगल लावून, एक मुलीच्या लग्नात फेट्यासह, एक आधार कार्डावरून कापलेला, आणि एकाच्या खांद्यावर कोणाचा तरी हात, बाकीची बायको कापलेली. दोघांनी ‘हल्लीचा’ म्हणून पाठवलेल्या फोटोत मागे २००९ची दिनदर्शिका होती. आणि निम्म्या चेहऱ्यांवर मोबाईलचा सौंदर्य फिल्टर. फिल्टरने एकदा गुळगुळीत केलेला चेहरा यंत्राने पुन्हा गुळगुळीत केला की पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस दुकानाच्या काचेतल्या पुतळ्यासारखा दिसतो.

मॉनिटरला वाटलं, वय लिहिलं की दुरुस्त होईल. लिहिलं, ‘आत्ताचं वय ४७.’ यंत्राने सगळ्यांना पांढरे केस, शाल आणि दोघांना काठी दिली. आकड्यातून त्याला माणसाचं वय कळत नाही, वयाची प्रतिमा कळते. उलट बाजूलाही तेच. ‘शाळकरी मुलगा’ लिहिलं की पहिलीतलं गुटगुटीत पोर येतं. दहावीतल्या मुलाची खरी ओळख म्हणजे ओठांवर नुकतं फुटलेलं मिसरूड, ते यंत्र धूळ समजून झाडून टाकतं. एकाला तर दोन्ही चौकटींत भरगच्च केस आले. त्याने ते ठेवावेत असा आग्रह धरला. मतदान झालं. टक्कल तेवीस विरुद्ध एक मतांनी परत आलं.

शेवटी आमच्या छपाईवाल्या मित्राने प्रॉम्प्ट जवळजवळ उलटा लिहिला. यंत्राने काय करायचं यापेक्षा कशाला हात लावायचा नाही हे आधी. तो असा होता:

‘सोबतच्या दोन फोटोंतले चेहरे आहेत तसे ठेव. नाक, दात, कान, तीळ, व्रण, चष्मा, मिसरूड, टक्कल, सुरकुत्या यांतलं काहीही बदलू नको, गोरं करू नको, हसवू नको. दोन्ही चेहरे शेजारच्या दोन सारख्या चौकटींत बसव, दोघांचे डोळे एकाच आडव्या रेषेवर आणि दोन बुबुळांमधलं अंतर दोन्हीकडे सारखं. चौकटीबाहेरचं सगळं चित्र असू दे: काळ्या शाईची रेघ, विटकरी, निळा आणि पिवळा हे तीनच सपाट रंग, खरखरीत पिवळसर कागद, रंगाचे ठिपके, ठसा रेघेपासून किंचित उजवीकडे सरकलेला. डाव्या चौकटीभोवती कौलारू शाळेचा व्हरांडा आणि टांगलेला रुळाचा तुकडा. उजवीकडे तोच व्हरांडा, फक्त पत्र्याचा. कोणतंही अक्षर लिहू नको. खाली मोकळी पट्टी सोड.’

बुबुळांच्या अंतराची युक्ती खास आहे. तेव्हा-आताची जोडी चेहऱ्याच्या रुंदीने जुळवली तर फसते, कारण गाल वाढलेले असतात, मग आजचा माणूस लहान करावा लागतो आणि त्याचे डोळे मण्यांएवढे होतात. पंधरा-सोळाव्या वर्षानंतर दोन बुबुळांमधलं अंतर फारसं बदलत नाही. ते धरून जुळवलं की एकच माणूस दोन्हीकडून आपल्याकडे बघतो, आणि बाकी सगळं कुठवर पसरलंय तेही प्रामाणिकपणे दिसतं. वर्गातल्या तिघांनी या मोजमापाला हरकत घेतली. तिघेही आता बांधकाम व्यावसायिक आहेत आणि क्षेत्रफळ मोजण्याच्या पद्धतीबद्दल हळवे आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे चोवीस जोड्या एका दमात मागायच्या नाहीत. एका चित्रात चेहऱ्यांची गर्दी झाली की ते एकमेकांत मिसळू लागतात. पहिल्या प्रयत्नात मधल्या ओळीतल्या एकाचे डोळे शेजारणीला गेले होते, आणि तेव्हा सबंध वर्गाला ज्याची शंका होती ते यंत्राने उघड केलं असं काहींचं मत पडलं. जोडी एकावेळी एकच करायची, प्रत्येक वेळी प्रॉम्प्ट शब्दशः तोच, आणि जमलेली पहिली जोडी नमुना म्हणून सोबत द्यायची, म्हणजे रंग घरोघरी वेगळे येत नाहीत. काम झालं की जुन्या स्कॅनशेजारी ठेवून कान आणि भुवया तपासायच्या. यंत्र डोळे-ओठ नेटके करतं, कानात मात्र पकडलं जातं. कान बदललेला दिसला की समजावं चेहरा नवा केलाय. अशा वेळी खरा चेहरा कापून चौकटीत हाताने चिकटवणं सोपं पडतं. आमच्या पोस्टरवर निम्मे चेहरे असेच चिकटवलेले आहेत.

फोटोच्या दिवशी गैरहजर असलेल्या दोघांना ‘लहानपणीचा चेहरा बनवून दे’ असा मोह झाला. आजच्या चेह‍ऱ्यावरून केलेलं बालपण बघायला छान असतं, फक्त ते कोणी जगलेलं नसतं. मग त्यांच्या डाव्या चौकटीत रिकाम्या बाकाचं चित्र टाकून खाली हजेरीपटातला ‘गै’ लिहिला. दोघांनाही तो फार आवडला. याशिवाय आणखी दोन जोड्यांची उजवी चौकट रिकामी राहणार होती. ते दोघं आज हयात नाहीत. एकाच्या भावाला विचारलं, दुसरीच्या आईला. तिथे यंत्राकडून काहीच करून घेतलं नाही. डावा फोटो एकटा, तेवढ्याच आकाराचा छापला.

अक्षरं यंत्राकडून का घ्यायची नाहीत, हे ज्याने एकदा घेऊन पाहिली त्याला सांगावं लागत नाही. देवनागरी जोडाक्षरं त्याच्या हातून अजून निसटतात. आमचं ‘स्नेहसंमेलन’ आधी ‘स्रेहसंमेलन’ झालं, मग ‘स्नेहसंलेमन’, आणि ‘माजी विद्यार्थी’मधला रफार उडून शेजारच्या ढगावर जाऊन बसला. म्हणून पट्टी मोकळी सोडून मजकूर आपण टाइप करायचा. इथेही एक खड्डा आहे. फ्लेक्सवाल्याच्या दुकानात बहुधा कोरलड्रॉ आणि जुने, युनिकोड नसलेले मराठी फाँट असतात. आपण मोबाईलवरून पाठवलेला मजकूर तिथे चिकटवला की चौकोनांची माळ होते, मग तो पोरगा ऐकून ऐकून टाइप करतो आणि मुख्याध्यापकांचे ‘मुख्यध्यापक’ होतात. अक्षरांचं चित्रात रूपांतर करून पीडीएफ द्यायची, म्हणजे त्याला काही टाइप करावं लागत नाही.

आकाराचाही विचार आधीच करावा लागतो. फ्लेक्स सहा फूट बाय चार फूट. यंत्राचं एक चित्र लांबीला साधारण दीड हजार पिक्सेल. तेच ताणून सहा फुटांवर छापलं तर इंचाला एकवीस पिक्सेल पडतात, म्हणजे चेहरे पुन्हा पडक्या भिंतीवरच्या रंगासारखे. उलट प्रत्येक जोडी वेगळी करून दहा-अकरा इंचांत बसवली की इंचाला दीडशेच्या आसपास मिळतात, आणि हाताच्या अंतरावरूनही ओठांवरचं मिसरूड दिसतं.

पोस्टर फाटकावर लागलं. विज्ञानाच्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून चोवीसही चेहरे बघितले आणि बावीस जणांना नावाने हाक मारली. ज्या दोघांना ओळखलं नाही ते तेच, २००९च्या दिनदर्शिकेवाले. संध्याकाळी प्रत्येकाने पोस्टरसमोर उभं राहून आपापल्या जोडीचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, अर्थातच फोटो म्हणून. मॉनिटरने मूळ फाइल कोणाकडे ठेवायची असं विचारलं. सगळ्यांनी एकमुखाने त्याचंच नाव घेतलं. त्याने लगेच वहीत लिहून घेतलं, आणि खाली सवयीने बोलणाऱ्यांची यादी सुरू केली.